कॉम्बोवर एक वर्ष

त्या दिवशी आईने सात काचा लावल्या. काच लावण्याआधी फोन पुसायची सात फाटलेली पाकिटं काउंटरवरच्या ट्रेमध्ये पडली होती आणि ती मीच कचऱ्यात टाकली, म्हणून आकडा माझ्या लक्षात आहे. लक्षात ठेवण्यासारखं दुसरं काही घडलं नाही. शनिवार होता आणि मला सुट्टी होती. सुट्टीच्या दिवशी मी आईच्या दुकानात बसत असे. बसत असे म्हणजे उभी राहत असे, कारण आत स्टूल दोनच होते. एक आईचं, एक मामाचं.

दुकान मोबाइलच्या सामानाचं. चार्जर, केबली, कव्हरं, इअरफोन. दोन माणसांनी हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं लागतील एवढी रुंदी. भिंतींवर मॉडेलप्रमाणे टांगलेली कव्हरं, आणि मागे मामाचं दुरुस्तीचं टेबल, त्यावर भिंगाचा दिवा. बाबा गेल्यावर आईने आणि मामाने मिळून हे सुरू केलं तेव्हा मी नववीत होते.

फोनवर काच लावताना आई श्वास रोखायची. पाण्यात बुडी मारायच्या आधी पोरं फुगवतात तसे तिचे गाल फुगायचे. समोरचं गिऱ्हाईकही नकळत श्वास धरून ठेवायचं. काच बसली, खालची हवा कडेकडेने निघून गेली, की दोघंही एकदम श्वास सोडत.

"झालं," आई म्हणायची. "आता पडला तर ही फुटेल, फोन नाही फुटणार. आणि ही फुटली तर माझ्याकडे रडत यायचं नाही. काचेला वॉरंटी नसते."

सण पंधरा दिवसांवर आला होता. दर सणाला दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर कॉम्बोची, म्हणजे चार वस्तू एकत्र स्वस्तात देण्याची, जाहिरात पडायची. एक फोटो, त्याखाली मजकूर. मजकूर मी लिहायचे, कारण मी पुस्तकांच्या प्रकाशनात काम करते. छापायला जाण्याआधी पुस्तकं तपासते. आई हे सगळ्यांना सांगायची. कव्हर घ्यायला आलेल्या अनोळखी माणसालाही सांगायची. "माझी मुलगी पुस्तकं तपासते. लेखकांच्या चुका काढते." समोरचा माणूस मान डोलवायचा आणि कव्हर किती म्हणून विचारायचा.

"आधी बेरीज लिही," आई म्हणाली.

"आधी ऑफर लिहितात, आई. आधी मोठ्या अक्षरात नऊशे."

"नऊशे कशातून आले ते कळल्याशिवाय नऊशेचं काय करायचं माणसाने? काच एकशेवीस, कव्हर दोनशे, चार्जर सहाशे, केबल दोनशे ऐंशी. झाले बाराशे. त्यातले तीनशे सोडले. नऊशे."

"खोक्यांवर छापलेल्या किमती धरल्या तर बेरीज एकोणीसशे वीस होते," मी म्हणाले. "मग 'निम्म्याहून कमी किमतीत' असं लिहिता येतं. खोटं नाही ते."

"त्या किमतीला आपण कधी विकलंय का?"

"नाही."

"मग जे कधी घेतलंच नाही ते सोडलं म्हणून कशाला मिरवायचं? रोज ज्या भावाने देतो त्याच भावाची बेरीज." तिने काचेच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा उलगडला, त्याच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहायला लागली. "आणि प्रत्येकातून चौथा हिस्सा सोडायचा. सगळ्यांतून सारखा. काच नव्वद, कव्हर दीडशे, चार्जर साडेचारशे, केबल दोनशे दहा. कर बेरीज."

"नऊशे."

"तेही लिही. उद्या कुणी कव्हर परत आणलं, मॉडेल चुकलं म्हणून, तर त्याला दोनशे द्यायचे की दीडशे? भांडण तिथे होतं. आधीच लिहिलं की भांडण नाही."

"एवढं कोण वाचतं, ताई?" मामा मागून म्हणाला. त्याने भिंगातून मान वर काढली नव्हती. "लोक फोटो बघतात आणि नऊशे बघतात."

"भांडायच्या वेळी सगळे वाचतात."

"हां, ते तर आपल्याला चांगलंच माहीत आहे," मामा म्हणाला. "एका ओळीत एकोणीस केबली गेल्या आपल्या. तुझं अक्षर फार महाग आहे बाई."

आई हसली. "चुकलं माझ्या हातून. घाई झाली. म्हणून तर या वेळी वॉरंटी वर घ्यायची. पानावर तीन-चार ओळी दिसतात आणि पुढे 'आणखी वाचा' येतं. त्याच्या खाली गेलेलं काही खरं नाही."

मी कव्हरं लावत होते. एका कव्हराची हुकावरची जागा चुकली होती, ते काढून मी दुसरीकडे लावलं. मग तिथून काढून पुन्हा पहिल्या जागी लावलं.

ती ओळ आईने लिहिलेली नव्हती. मी लिहिली होती.

ते असं झालं होतं. गेल्या सणाच्या आधी आईने मला फोनवर सगळं सांगितलं: चार्जरला कंपनी एक वर्ष देते, केबलला तीन महिने, काच आणि कव्हराला काही नाही. मी ऑफिसात होते. समोर एका कादंबरीची प्रुफं होती, लेखक बाहेर येऊन बसला होता. चार ओळींची वॉरंटी मजकुराला जड वाटत होती, ताल बिघडत होता. मी ती एका ओळीत आणली. 'कॉम्बोवर १ वर्ष वॉरंटी.' छान वाचली जात होती. मी ती टाकली आणि कादंबरीकडे वळले.

त्या सणाला चौसष्ट कॉम्बो गेले.

पाचव्या महिन्यात एका शनिवारी शिकवणीवाले सर आले. त्यांची केबल बंद पडली होती. आई म्हणाली, "सर, केबलला तीनच महिने." सरांनी फोन काढला, चष्मा चढवला आणि वर्गात धडा वाचावा तसं वाचलं, "कॉम्बो-वर. एक. वर्ष. वॉरंटी." मग विचारलं, "केबल कॉम्बोत होती की नाही?" दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं होती, तीही वर्गात बसल्यासारखी सरांकडे बघायला लागली. मामा टेबलावरून उठून पुढे आला. "दाखवा बघू. कुणी लिहिलं हे?"

मी आईच्या शेजारी उभी होते. हातात काचांचं बंडल होतं. आईने फोन घेतला, ओळ वाचली. एकदाच. माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मीच लिहिलं," ती म्हणाली. "या वेळी मुलीला कामं होती, म्हणून मी लिहिलं. चुकलं माझं. पण शब्द दुकानाचा आहे. वर्ष म्हणजे वर्ष. द्या इकडे केबल."

तिने त्यांना नवी केबल दिली. जुनीच्या मानेवर, पिन जिथे वायरला जोडलेली असते तिथे, जांभळ्या नेलपॉलिशचा ठिपका होता. आई प्रत्येक सणाच्या मालावर असा ठिपका लावायची, दर वेळी वेगळ्या रंगाचा. बिल हरवलं तरी माल आपला आणि कधीचा ते कळायचं. जांभळी बाटली माझी होती, कॉलेजातली, घट्ट झालेली. सरांच्या नव्या केबलवर तिने त्याच रंगाचे दोन ठिपके दिले. दोन म्हणजे एकदा बदलून दिलेली. आणि सरांना सांगितलं, "वर्ष पहिल्या बिलापासून मोजायचं हं. आजपासून नाही."

"मान्य," सर म्हणाले. जाताना मला म्हणाले, "तू पुस्तकं तपासतेस ना? आईचंही तपासत जा जरा."

मी मान हलवली. मान हलवली, हे मला आता रोज आठवतं.

त्यानंतर सात महिन्यांत आणखी अठरा केबली आल्या. तीन महिने उलटल्यावर कंपनी हात वर करते, म्हणून प्रत्येक केबल दुकानातून गेली. आईने मला एका शब्दाने विचारलं नाही. आम्ही दोघीच असताना नाही, घरीही नाही. मी पुष्कळदा वाक्य जुळवलं. 'आई, त्या दिवशी तू का सांगितलंस,' असं काहीतरी. दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करून मी पोट भरते. स्वतःचं एक मला जुळवता आलं नाही. मग पुढच्या शनिवारी, मग त्याच्या पुढच्या. मूग गिळायची सवय लागते. सुरुवातीला घशाला टोचतात, नंतर कळतही नाही.

तर त्या शनिवारी आई पुठ्ठ्यावर लिहीत होती. 'वॉरंटी: चार्जर – १ वर्ष. केबल –' इथपर्यंत आली आणि एक कॉलेजची मुलगी फोन घेऊन उभी राहिली. आईने पेन्सिल ठेवली, फोन पुसला, गाल फुगवले. ती सातवी काच.

"बाकीचं उद्या," आई मला म्हणाली. पुठ्ठा तिने मजबूत चिकटपट्टीच्या रिळाखाली सारला. संध्याकाळी आम्ही घरी गेलो. तिला भाजी चिरायचा कंटाळा आला होता, म्हणून मी चिरली. "जाड चिरलीस," ती म्हणाली. मी म्हणाले, "पोटात जाऊन बारीकच होते." ती म्हणाली, "तुझ्या ऑफिसात चालत असेल असलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठली नाही.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नसेल. मी त्यांना विचारलं, "'नसेल' की 'नाही'?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मामाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पुढचे दिवस लोक येत राहिले आणि मी खुर्च्या मांडत राहिले. मला रडू आलं नाही. लोकांना ते खटकत होतं, मला दिसत होतं. एक मावशी म्हणाली, "मोकळी हो गं." मी हो म्हणाले आणि तिच्यासाठी पाणी आणलं. आईची चादर मी धुतली, वाळवली, घडी केली, कपाटात ठेवली. चारही कामं नीट झाली.

आठव्या दिवशी मामाने दुकान उघडलं. घाऊक व्यापाऱ्याने ऐंशी कॉम्बोंचा माल आधीच पाठवला होता, खोकी दारापासून टेबलापर्यंत रचलेली होती आणि सण एका आठवड्यावर होता. मी ऑफिसातून रजा घेतली होती. घरी बसून करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मीही गेले.

मामा त्याच्या टेबलाशी बसला. आईचं स्टूल रिकामं होतं. मी उभी राहिले.

"बस की," मामा म्हणाला.

"नको. सवय आहे."

त्याने दिवा लावला, एक उघडलेला फोन भिंगाखाली घेतला आणि तसाच बघत बसला. चिमटा हातात होता, पण हात हलत नव्हता. मग म्हणाला, "ते पानावर टाकायचं राहिलंय. कॉम्बोचं."

पुठ्ठा चिकटपट्टीच्या रिळाखाली होता. मी तो काढला आणि फोनमध्ये उतरवायला लागले. आईचं अक्षर सरळ, सुटं सुटं लिहिलेलं. 'केबल –' च्या पुढे कोरं होतं. मी 'तीन महिने' लिहिलं. पुढचं मला पाठ होतं. दर गिऱ्हाइकाला ती तेच सांगायची. मी एकेक ओळ लिहीत गेले. काहीच वाटत नव्हतं, आणि त्यामुळे काम चांगलं होत होतं.

'सणाचा कॉम्बो: ९००
काच १२० + कव्हर २०० + चार्जर ६०० + केबल २८० = १२००. एकत्र घेतल्यास ९००. तुमचे ३०० वाचतात.
वॉरंटी: चार्जर – १ वर्ष. केबल – ३ महिने. काच आणि कव्हर – वॉरंटी नाही.
वरच्या किमती आमच्या रोजच्या विक्रीच्या आहेत, खोक्यावरच्या नाहीत.
कॉम्बोत प्रत्येक वस्तूचा भाव: काच ९०, कव्हर १५०, चार्जर ४५०, केबल २१०. मॉडेल चुकल्यास न वापरलेली वस्तू सात दिवसांत आणा. पैसे याच भावाने परत.
काच लावताना धूळ किंवा फुगा राहिला तर तिथेच दुसरी लावून देऊ. दुकानाबाहेर गेल्यावर नाही.
पाणी गेलेलं, जळलेलं, पिन वाकलेली, वायर कापलेली – वॉरंटीत बसत नाही.
बिल आणा. बदलून दिलेल्या वस्तूची वॉरंटी पहिल्या बिलाच्या तारखेपासूनच मोजली जाईल.
एकूण ८० कॉम्बो.'

'साठा संपेपर्यंत' हे शब्द आईला आवडत नसत. "कुणाचा साठा? गिऱ्हाइकाला काय माहीत किती आहे? आकडा सांग."

मी मामाला वाचून दाखवलं. तो ऐकत होता. प्रत्येक ओळीला त्याची मान थोडी खाली जात होती.

"अगदी ताईसारखं झालंय," तो म्हणाला. "खाली एक ओळ घाल. 'मागच्या वर्षीच्या कॉम्बोतल्या केबली यापुढे बदलून मिळणार नाहीत.'"

"वर्ष व्हायला अजून आठवडा आहे, मामा. काहींचं त्याहून जास्त."

"आठवडा असो की महिना. सणाच्या गर्दीत बाकीचे सगळे शोधून शोधून येतील. कंपनी देत नाही, आपण का द्यायची? ताई होती, ताईने दिल्या. चूक तिची होती, तिच्याबरोबर गेली."

मी फोनकडे बघत होते.

"आणि मला त्या केबलीचं काही नाही," मामा म्हणाला. आवाज जरा चढला होता. "एकोणीस काय, चाळीस दिल्या असत्या. पण वर्षभर तिने ते जिवाला लावून घेतलं. 'माझ्या हातून असं कसं झालं,' म्हणायची मला. काटेकोर बाई. आयुष्यात एकदा एक ओळ चुकली आणि तेवढंच मी तिला चिडवत राहिलो. शेवटच्या दिवशीसुद्धा चिडवलं. ऐकलंस ना तू? माझं शेवटचं बोलणं ते. तुझं अक्षर महाग आहे."

त्याने चिमटा टेबलावर ठेवला. फार हळू ठेवला.

आता बोलायला हवं होतं. मला ते स्पष्ट कळत होतं, एखाद्या परिच्छेदात पुढचं वाक्य कुठलं यायला हवं ते कळावं तसं. मामा तिच्या चुकीवर हसला म्हणून स्वतःला खात होता आणि चूक तिची नव्हतीच. पण बोलले असते तर त्याने विचारलं असतं, मग वर्षभर गप्प का होतीस. शिवाय मामाशिवाय माझं आता कुणी उरलं नव्हतं.

"बरं," मी म्हणाले, आणि ती ओळ लिहिली.

'मागच्या वर्षीच्या कॉम्बोतल्या केबली यापुढे बदलून मिळणार नाहीत.' व्याकरण बरोबर होतं. मी मजकूर पानावर टाकायच्या आधी जपून ठेवला, कारण फोटो काढायचा बाकी होता. चार वस्तू काउंटरवर मांडल्या. काच, कव्हर, चार्जर, केबल. फोटोत माझी सावली येत होती. मी बाजूला सरकले, तर आईचं स्टूल येत होतं.

तेवढ्यात टेलरबाई आल्या. चौकातल्या दुकानात कपडे शिवतात. आई ब्लाउज त्यांच्याकडेच टाकायची आणि दर वेळी म्हणायची, बाईंनी पुन्हा बाह्या घट्ट केल्या. त्यांच्या गळ्यात मापाची पट्टी तशीच होती.

"कळलं मला," त्या म्हणाल्या. "लेकीकडे होते, काल आले. त्यांचे दोन ब्लाउज आहेत माझ्याकडे. शिवून ठेवलेत." त्यांनी गळ्यातली पट्टी सारखी केली. "या वेळी बाह्या सैल केल्यात."

"येईन घ्यायला," मी म्हणाले.

त्यांनी पिशवीतून गुंडाळलेली केबल काढली, पण काउंटरवर ठेवली नाही. हातातच धरून ठेवली. "आज यायला नको होतं खरं. पण सणाच्या ऑर्डरी सगळ्या फोनवर येतात, आणि फोन बंद पडतोय. ही वाकडी धरली तरच चार्ज होतो. काल रात्रभर उशीखाली दाबून ठेवली, तरी नाही झाला."

मामा उठून पुढे आला. केबल घेतली, पिन उजेडात धरून पाहिली. सरळ होती. वायरही कुठे कापलेली नव्हती. मीटरला लावली. आकडा शून्यावरून हलला नाही.

"मेली आहे," तो म्हणाला. मग मानेवरचा रंग पाहिला. जांभळे दोन ठिपके. "बाई, ही तर एकदा बदलून दिलेली आहे."

"हो. दिवाळं काढायला नाही आले हो मी तुमचं. त्यांनीच सांगितलं होतं, 'बिनधास्त या. वर्ष लिहिलंय तर वर्षभर या.' बिल आहे माझ्याकडे." त्यांनी बिल काढलं. चार घड्या पडलेलं, पण तारीख दिसत होती. "सोळा दिवस आहेत अजून. आणि हेही ठेवलंय." त्यांनी फोन काढला. गेल्या वर्षीच्या मजकुराचा फोटो. चार्ज एवढा थोडा होता की पडदा अर्धा विझलेला होता, तरी ओळ वाचता येत होती. चांगली ओळ होती. तालात बसलेली.

मामाने ती वाचली नाही. त्याला पाठ होती.

"बाई, राग मानू नका," तो म्हणाला. "पण आता नाही देता येणार. हे लिहिणारी गेली. तिची चूक होती, ती तिने जन्मभर... वर्षभर निस्तरली. आता तरी तिला सोडा. तिच्या चुकीचं अजून किती दिवस..." त्याने केबल काउंटरवर ठेवली.

"अहो, मी कुठे त्यांना काही म्हणतेय," टेलरबाई हळूच म्हणाल्या. "बाईमाणूस सोन्यासारखं होतं. चूक तर चूक, पण सांगितली तरी. कोण सांगतं आजकाल?" त्यांनी केबल पुन्हा गुंडाळायला घेतली. बोटं मापाची पट्टी गुंडाळतात तशी फिरत होती, सवयीने, सारखे वेढे. "राहू दे. घेईन मी नवी. केवढ्याला?"

"दोनशे ऐंशी," मामा म्हणाला. "तुम्हाला दोनशे दहाला देतो."

त्या पैसे काढायला लागल्या.

मी गल्ल्याशेजारचा खण उघडला. आईने या सणासाठी आणलेली हिरवी बाटली पुढेच होती, नवी, सील न तोडलेली. तिच्या मागे जांभळी. झाकण घट्ट बसलं होतं. मी ते दातांनी सैल केलं. आत तळाशी थोडासा रंग होता. मग खोक्यातून एक नवी केबल घेतली, तिची मान दिव्याखाली धरली. मी श्वास धरून ठेवला आहे हे मला गाल फुगलेले जाणवले तेव्हा कळलं. एक ठिपका. दुसरा. तिसरा.

"काय करतेस?" मामा म्हणाला. "अगं, आत्ताच तर ठरलं ना आपलं? तू लिहिलंससुद्धा."

"लिहिलं. ते पुसते."

"पण का?"

टेलरबाईंचा पैशांचा हात तसाच थांबला होता. बाहेर कुणीतरी स्कूटर लावत होतं आणि आत डोकावून विचारत होतं, काच लावून मिळेल का. मी केबल टेलरबाईंच्या पुढे ठेवली, रंग वाळेपर्यंत हात लावू नका म्हणाले, आणि मामाकडे वळले. तो आईच्या स्टुलाच्या मागे उभा होता, एक हात स्टुलावर.

"मामा, लिहिणारी गेली नाही," मी म्हणाले. "ती ओळ आईची नव्हती. मी लिहिली होती, ऑफिसात बसून, घाईत. आईने मला नीट सांगितलं होतं, केबल तीन महिने. मी गाळलं. सर आले त्या दिवशी तिने माझ्यासाठी खोटं सांगितलं, आणि मी शेजारी उभी होते, आणि गप्प बसले. तुझ्यासमोर गप्प बसले, तिच्यासमोरही. तिचं काही चुकलं नव्हतं, मामा. माझं चुकलं."